शंकासुराने पास केलेला डबा

चौकातल्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे जो माणूस चष्मा कपाळावर सरकवून उभा असतो, त्याला अख्खी गल्ली शंकासुर म्हणते. तोंडावर कोणी म्हणत नाही. पण त्याला ते ठाऊक आहे, आणि कोण कोण म्हणत असेल याबद्दलही त्याला पक्की शंका आहे.

गोळ्यांची पट्टी हातात आली की तो आधी तिची छपाई बघतो. अक्षर जरा जरी फिकट दिसलं तरी पट्टी उजेडात धरतो, मग नखाने खरवडतो, मग घाऊक व्यापाऱ्याला फोन लावून त्याचं डोकं खातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन वेगळ्या शाया दिसल्या तर गिऱ्हाइकाला बाकावर बसवून थेट दवाखान्यात विचारतो. गिऱ्हाईक चिडतं, पायाने फरशी वाजवतं, याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि हा एकटा फोटोग्राफरकडे संशयाने बघतोय. त्याची बायको तो फोटो पाहुण्यांना मुद्दाम दाखवते. "बघा, मला बघायला आले होते तेव्हा यांनी आमच्या चहाचा वाससुद्धा घेऊन बघितला होता," असं म्हणून ती स्वतःच हसत सुटते.

पण याच स्वभावामुळे लोक त्याच्याकडे येत. कोणी बाहेरगावाहून स्वस्तात औषध आणलं, कोणी फोनवरून तेल मागवलं, कोणाला शेजारणीने चूर्ण दिलं, की बाटली घेऊन स्वारी दुकानात हजर. "जरा बघता का, खरं आहे का हे?" मग शंकासुर चष्मा खाली ओढायचा, उलटसुलट बघायचा आणि निकाल द्यायचा. त्याने नाक मुरडलं की वस्तू कचऱ्यात जायची. त्याने मान डोलावली की माणूस निर्धास्त होऊन घरी जायचा. या मान डोलावण्याचा त्याला मनातून भारी अभिमान होता. आणि घात झाला तो तिथेच.

त्याचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. उंच इमारतींमधल्या लिफ्टच्या टपावर उभं राहून वायरी तपासायच्या, रोलरना ग्रीस लावायचं, ब्रेक घट्ट करायचे, हे त्याचं काम. हसरा, बडबड्या, कोणाच्याही मदतीला धावणारा माणूस. पण मागच्या वर्षी तो हळूहळू गप्प झाला. आधी जेवण कमी झालं, मग झोप उडाली, मग सुट्टीच्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून नुसता पडून राहू लागला. लेकीने शाळेतलं काही दाखवायला आणलं तरी वळून बघेना. शंकासुराला आधी दारूची शंका आली, मग एखाद्या बाईची, मग नोकरीतल्या भानगडीची. त्याने तिन्ही बाजूंनी चौकशी केली आणि तिन्हीकडून हात हलवत परत आला. शेवटी धाकट्याच्या बायकोने कोणाला न विचारता नवऱ्याला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं, हे डिप्रेशन आहे, आजार आहे, आणि बरा होतो.

गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला एका समुपदेशकाशी बोलणंही सुरू झालं. पहिले काही आठवडे काहीच फरक दिसेना, तेव्हा शंकासुराला डॉक्टरीणबाईंचीच शंका आली. एवढी तरुण बाई, आणि एकच गोळी लिहून देते? पण मग धाकटा परत जेवू लागला. एके दिवशी लेकीला खांद्यावर बसवून तो दुकानात आला आणि म्हणाला, "दादा, काल मी सलग झोपलो रे." शंकासुराने तोंड फिरवून कपाटातल्या बाटल्या उगाचच सरळ केल्या, कारण डोळे भरून आले होते.

गोळ्या अर्थातच त्याच्याच दुकानातून जायच्या. धाकटा महिना भरत आला की येऊन पट्ट्या घ्यायचा, खिशात खोल खुपसायचा आणि इकडेतिकडे बघत बाहेर पडायचा. कामावर कोणाला कळू नये, एवढीच त्याची धडपड. लिफ्टच्या टपावर उभा राहणारा माणूस डोक्याच्या गोळ्या खातो, हे कळलं तर सोबतचे लोक काय म्हणतील, असं त्याला वाटायचं. शंकासुराला ते पटायचं नाही, पण तो बोलायचा नाही. भाऊ पट्ट्या नेतो आहे ना, मग झालं.

एका संध्याकाळी धाकटा दुकानात आला तो बगलेत एक मोठा पांढरा डबा मारून. तो हल्ली जिममध्ये जायला लागला होता, आणि त्यानेही त्याला बरं वाटत होतं. डबा क्रिएटिनचा होता. व्यायाम करणारी मंडळी ताकदीसाठी घेतात ती पावडर.

"दादा, हे बघ ना जरा. खरं आहे का?"

शंकासुराने कान टवकारले. "कोणी दिलं? त्या जिमवाल्या कोचने गळ्यात मारलं ना?"

"नाही रे, मीच मागवलं. ऐक तर. फोनवरच्या व्हिडिओत एकाने सांगितलंय, याने मन सुधारतं म्हणे. परदेशात संशोधन झालंय. आपल्या मेंदूला शक्ती कमी पडते म्हणून उदास वाटतं, आणि हे ती शक्ती भरून काढतं. हे साधं अन्नातलंच असतं, मांसात, माशात. आपलं शरीरही बनवतं."

"फोनवर माणूस काय वाट्टेल ते सांगतो," शंकासुर म्हणाला. पण त्याचे हात आधीच डब्याकडे गेले होते. कोणी वस्तू पुढे केली की त्याला राहवत नसे. त्याने झाकणाखालचं सील बघितलं, बॅच नंबर वाचला, कंपनीच्या साइटवर तो नंबर घालून पडताळला. मग चमचाभर पावडर थंड पाण्यात टाकली. ती नीट विरघळली नाही, तळाशी रवाळ साका राहिला. मग कोमट पाणी घातलं, तशी विरघळली. जिभेवर कण ठेवला. गोड नाही, वास नाही. म्हणजे साखर किंवा मैदा कालवलेला नाही. तासभर तो त्या डब्याच्या मागे होता. दोन गिऱ्हाइकं ताटकळून निघून गेली.

"यात काही भेसळ नाही," शेवटी तो म्हणाला. "माल अस्सल आहे."

"आणि ते मनाचं?"

"काहीतरी संशोधन चालू आहे म्हणतात. मीही कुठेतरी वाचलंय." शंकासुराने झाकण घट्ट लावलं आणि ऐटीत मान डोलावली. "पण मुख्य म्हणजे वस्तू खरी आहे. निर्धास्त घे."

धाकट्याचा चेहरा असा उजळला की शंकासुरालाही बरं वाटलं. त्याने डबा काखेत नाही मारला, हातात उघडपणे धरून रस्त्याने नेला. हा डबा लपवावा लागत नव्हता. तो घरी स्वयंपाकघराच्या फळीवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला गेला. कामावरच्या जोडीदारालाही धाकट्याने बढाई मारून सांगितलं की मी ताकदीची पावडर घेतोय.

पुढचे काही आठवडे धाकटा खुशीत होता. जरा जास्तच, असं शंकासुराला वाटलं. शिट्ट्या काय वाजवतोय, विनोद काय करतोय. शंकासुराने भावजयीला फोन करून खोदून खोदून विचारलं.

"भाऊजी, तो रडत होता तेव्हाही तुम्हाला शंका, आणि हसतोय तरी शंका," ती वैतागून म्हणाली. "हसू द्या ना त्याला."

शंकासुराने फोन ठेवला. महिना भरत आला तसा धाकटा पट्ट्या न्यायला नेहमीप्रमाणे आला, आणि शंकासुराने त्या नेहमीप्रमाणे दिल्या. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग हळूहळू काहीतरी बिनसलं. धाकटा एकदम चिडू लागला. लेकीच्या हातून पाणी सांडलं म्हणून तिच्या अंगावर धावून गेला आणि नंतर न्हाणीघरात जाऊन रडला. रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडायची, दचकून उठायचा. मळमळायचं. आणि मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा बारीक झटका बसायचा. विजेच्या कामात आयुष्य गेलेला माणूस, त्याला झटका कसा असतो ते कोणी शिकवायला नको. "वायरला हात न लावता शॉक बसतोय रे," असं तो जोडीदाराला हसत म्हणाला.

जोडीदाराला हसू आलं नाही. कारण त्याच आठवड्यात लिफ्टच्या टपावर उभं राहून वरची वायर तपासताना धाकट्याने मान वर केली आणि त्याला भोवळ आली. तो बाजूच्या फटीकडे कलला. जोडीदाराने त्याच्या कमरेच्या पट्ट्याला धरून त्याला मागे खेचलं. दोघं टपावर कितीतरी वेळ बसून होते. खाली आल्यावर जोडीदाराने शंकासुराला फोन केला. "तुमच्या भावाला वर पाठवू नका. त्याला काहीतरी झालंय. आज मी नसतो तर..."

शंकासुराने दुकान अर्ध्यावर बंद केलं. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. भाऊ लिफ्टच्या खोल पोकळीत पडतोय, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना, आणि त्या चित्रात त्याला तो पांढरा डबा दिसत राहिला. काय नवीन सुरू झालं होतं? डबा. काय बिघडलं? सगळं त्यानंतर. त्याचं गणित सुटलं. पहिला डबा अस्सल होता, पण पुढचा? कोचने नक्कीच नंतर बनावट माल पुढे केला असणार, त्यात कसलं तरी उत्तेजक घातलं असणार. आपण फसलो, या विचाराने त्याचे कान तापले.

त्याने भावाला आधी रक्त तपासायला नेलं. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं आलं. हे किडनीचं माप. शंकासुर घाबरला, आणि त्याच वेळी, कबूल करायला हरकत नाही, त्याला जरा विजय झाल्यासारखंही वाटलं. शंका खरी ठरली होती. तो कागद मुठीत धरून तो तडक जिममध्ये गेला.

जिममध्ये लोखंड आपटल्याचा आवाज आणि घामाचा वास. कोच म्हणजे दंडाला शर्ट न पुरणारा, पांढऱ्याशुभ्र दातांचा एक गृहस्थ. शंकासुराने त्याच्या नाकासमोर रिपोर्ट धरला.

"काय विकलंस माझ्या भावाला? काय मिसळलंस त्यात?"

चार माणसं व्यायाम थांबवून बघू लागली. कोचने हातातलं वजन सावकाश खाली ठेवलं. "काका, मी त्याला काहीच विकलं नाही. तो स्वतःचा डबा घेऊन येतो. मला म्हणाला, माझा भाऊ औषधवाला आहे, त्याने तपासलाय."

"मग मनासाठी घे म्हणून तू सांगितलंस ना?"

"मी?" कोचला खरंच आश्चर्य वाटलं. "मी ताकदीबद्दल बोलतो. मनाचं मला काय कळतं? उलट तो मला सांगत होता. मी त्याला म्हटलं, बाबा, तुझ्या डॉक्टरांना विचारलंस का? तर म्हणाला, दादाला विचारलंय."

शंकासुराने त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. खोटं बोलणाऱ्याचे डोळे कसे असतात ते त्याला ओळखता येतं, असा त्याचा दावा होता. पण या माणसाच्या डोळ्यांत काही सापडेना. तो मुकाट्याने बाहेर पडला. पायऱ्या उतरताना "दादाला विचारलंय" हे दोन शब्द त्याला कुठेतरी टोचत होते, पण का ते अजून लक्षात येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो धाकट्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. निघताना डबा पिशवीत घातला होता. डॉक्टरीणबाईंनी आधी धाकट्याला एकट्यालाच आत बोलावलं. शंकासुर बाहेरच्या बाकावर बसला आणि बंद दाराकडे बघत राहिला. आत इतका वेळ काय बोलतात? आपल्यापासून लपवण्यासारखं काय आहे? त्याने मनात सगळे युक्तिवाद जुळवून ठेवले: डब्याची बॅच, रिपोर्टमधला आकडा, भेसळीचा कायदा.

आत बोलावल्यावर त्याने रिपोर्ट टेबलावर ठेवला. "बघा. या पावडरीने किडनी गेली त्याची. आणि हे झटके, ही भोवळ, सगळं यातूनच."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. "क्रिएटिन शरीरात वापरलं गेलं की त्याचंच पुढे क्रिएटिनिन होतं. त्यामुळे पावडर घेणाऱ्याच्या रक्तात हा आकडा थोडा वर दिसू शकतो, किडनी चांगली असली तरी. म्हणून मी लगेच घाबरणार नाही, पण गृहीतही धरणार नाही. पावडर थांबवू, थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त बघू, लघवी तपासू, आणि किडनीची दुसरीही एक तपासणी असते, ती करू. पण भोवळ आणि झटके पावडरीचे वाटत नाहीत."

"मग कशाचे?"

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याकडे बघितलं. "सांगता का तुम्ही, की मी सांगू?"

धाकटा मान खाली घालून बसला होता. "गोळ्या बंद केल्या मी," तो म्हणाला. "एकदम. शेवटच्या पट्ट्या नेल्या त्या दिवसापासून."

"बंद?" शंकासुराचा आवाज फुटला. "अरे, पट्ट्या तर नेतोस तू! मी स्वतः देतो!"

"नेतो. तुला शंका येऊ नये म्हणून. अवजारांच्या पेटीत पडल्यात सगळ्या."

गल्लीतल्या पोराच्या चिठ्ठीवर शंका घेणारा माणूस, स्वतःच्या भावाच्या खिशात गेलेली पट्टी पोटात गेली की नाही, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"मला वाटलं," धाकटा सांगू लागला, "पावडर गोळ्यांचं काम करते, तर गोळ्या कशाला? गोळ्या लपवाव्या लागतात. डबा लपवावा लागत नाही. डबा घेणारा माणूस पैलवान, आणि गोळ्या घेणारा वेडा. आणि गोळ्या सोडल्या त्या दिवशी काहीच झालं नाही, उलट छान वाटत होतं. म्हटलं, बघा, पावडरीनेच बरं वाटतंय."

"छान वाटत होतं ते आधीच्या कित्येक महिन्यांच्या गोळ्यांमुळे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "व्यायामामुळे, बोलण्यामुळे. आणि आशेमुळेही. गोळी थांबली म्हणजे आजार दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा राहत नाही, सावकाश येतो. पण ही गोळी झटकन सोडली की शरीर काही दिवसांतच तक्रार करतं. भोवळ, मळमळ, विचित्र स्वप्नं, चिडचिड, डोक्यात झटके. आता तक्रारही आहे आणि आजारही परत डोकं वर काढतोय. दोन्ही एकात एक मिसळलंय."

शंकासुराने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "म्हणजे ते संशोधन खोटंच?"

"खोटं नाही," त्या म्हणाल्या, आणि शंकासुराला तेच अपेक्षित नव्हतं. "मेंदूला कामासाठी शक्ती लागते. क्रिएटिन तिचा झटपट साठा भरून द्यायला मदत करतं. डिप्रेशनमध्ये या कामात काही बिघाड असावा असा अंदाज आहे, म्हणून त्यावर काम चाललंय. छोटे अभ्यास झालेत, थोड्याशा माणसांवर, थोडेच आठवडे. काहींत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. पण फायदा दिसला तो कसा, हे बघा. ज्या मोजक्या अभ्यासांबद्दल लोक बोलतात, त्यांत लोकांना गोळ्या चालूच होत्या, किंवा बोलण्याची उपचारपद्धत चालू होती, आणि त्यांच्या जोडीला पावडर दिली होती. गोळ्या काढून घेऊन त्यांच्या जागी पावडर ठेवा, असं त्यांनी सांगितलेलं नाही. हा प्रश्नच अजून नीट तपासला गेलेला नाही. शिवाय ज्यांना मूड कधी खूप वर, कधी खूप खाली जाण्याचा आजार असतो, अशा काहींचा मूड क्रिएटिन घेत असताना उलट फार वर गेल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून हे आपलं आपण करायचं नसतं."

"मग याला कायमचं बंद म्हणता का?"

"आत्ता बंद. नंतर हवं असेल तर बोलू, गोळीच्या जोडीला, मी बघत असताना. मला पावडरीचा राग नाही. ती आपली जागा सोडून गोळीच्या जागी बसली, एवढाच त्रास."

शंकासुराने हात डब्यावर ठेवला. त्याच्या मनात एक शेवटची शंका होती, आणि तीच खरी भीती होती. "तू हे मला विचारलं असतंस तर?" तो भावाला म्हणाला.

धाकट्याने पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "विचारलं होतं ना, दादा. दुकानात. मनाचं काय, असं विचारलं होतं. तू म्हणालास, वस्तू खरी आहे, निर्धास्त घे."

शंकासुराला तो दिवस लख्ख आठवला. चमचा, कोमट पाणी, तळाचा साका, बॅच नंबर. तासभर त्याने डब्याची परीक्षा घेतली होती. भावाला गोळ्या चालू आहेत ना, असं एका वाक्यात विचारायला त्याला जमलं नव्हतं. डबा अस्सल निघाला याच्या आनंदात त्याने भावाचा प्रश्न बाजूला सारला होता. आणि भावाने, सगळी गल्ली ज्या मानेकडे बघून निर्धास्त होते, त्या मानेवर विसंबून गोळ्या सोडल्या होत्या. शंकासुराला स्वतःचीच किळस आली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला सावरायला वेळ दिला नाही. त्यांनी कमी मात्रेने गोळ्या पुन्हा सुरू केल्या, हळूहळू वाढवायचं ठरवलं, काही आठवडे लागतील हेही सांगितलं. वर टपावर काम करायचं नाही, जोडीदाराला खरं सांगायचं, समुपदेशकाकडे या आठवड्यातच जायचं. मग त्या शंकासुराकडे वळल्या.

"आणखी एक. यांनी मला सांगितलं आहे, आणि तुम्हाला सांगायची परवानगीही दिली आहे. गेल्या काही दिवसांत यांच्या मनात जगणं नकोसं झाल्याचे विचार येत होते. घरात कोणी विचारलं होतं का?"

शंकासुराने मान हलवली, नाही म्हणून.

"सरळ विचारल्याने हे विचार वाढत नाहीत. माणूस एकटा पडत नाही, एवढंच. आता काही दिवस यांना एकटं सोडायचं नाही. पट्ट्या तुमच्याकडे राहतील, रोजची गोळी तुम्ही द्यायची. विचार जोर करायला लागले तर मला फोन, नाहीतर सरळ मोठ्या दवाखान्यात. वाट बघायची नाही."

ते बाहेर पडले. रस्त्यावर वाहनं होती, फळवाल्याची गाडी होती, शाळेतून सुटलेली पोरं होती. रिक्षा न करता दोघं चालू लागले. शंकासुराला सवयीने शंभर प्रश्न सुचत होते. पेटीत किती पट्ट्या आहेत, त्या कोरड्या आहेत का, बायकोला माहीत होतं का, फोनवरचा तो माणूस कोण होता. एकेक प्रश्न त्याच्या जिभेवर आला आणि त्याने तो गिळला.

फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीपाशी तो थांबला. धाकटाही थांबला. लहानपणी याच भावाच्या गुडघ्याला खरचटलं की शंकासुर आधी विचारायचा, कोणी ढकललं? दुखतंय का, ते आई विचारायची.

"जीव द्यावासा वाटतो का रे तुला?" त्याने विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की त्याला वाटलं, ऐकू गेला नसेल.

"सकाळी वाटत होतं."

"आणि आता?"

"आता नाही."

शंकासुराने भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले नाहीत. उलटतपासणी घेतली नाही. त्याने ते उत्तर जसं होतं तसं घेतलं, आणि भावाचा हात घट्ट धरला.

"दादा," धाकटा काही पावलांनी म्हणाला, "उद्या परत विचारशील?"

"विचारीन," शंकासुर म्हणाला. "रोज विचारीन. तू कंटाळलास तरी विचारीन."